उरेल किती

दादाच्या यकृतात गाठ सापडली तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो तिच्या मापाचा. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. आकडा हातात आल्याशिवाय मला रडूसुद्धा येत नाही. सोनोग्राफी करणारी मुलगी म्हणाली, सव्वीस-सत्तावीस मिलिमीटर. मग सीटी स्कॅन झाला आणि २.७ सेंटीमीटर असं छापील माप मिळालं. मी मनातल्या मनात सुपारी धरून पाहिली. एवढीशी तर आहे, काढून टाकली की झालं, असं म्हणून मी त्या दिवशी चक्क पोटभर जेवले.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, बहात्तरचा. सिकंदराबादला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात त्याची नोकरी झाली. वहिनी गेल्यापासून तो मलकपेठच्या घरात वरच्या मजल्यावर एकटाच राहतो आणि खाली मी. लग्न मी केलं नाही, त्याला मूलबाळ नाही, त्यामुळे एकमेकांवर ओरडायला आम्ही दोघंच उरलो आहोत. त्यातही ओरडायचं काम बहुतेक माझ्याकडे असतं. तो मला मास्तरीण म्हणतो.

त्याचं यकृत बिघडलंय हे चार वर्षांपासून माहीत होतं. साखरेचा आजार जुना, त्यात यकृतावर चरबी चढली आणि हळूहळू ते निबर होऊन आकसलं. सिऱ्होसिस. हा शब्द ऐकला की ओळखीपाळखीचे लोक आवाज खाली करून विचारत, "घेत होते का?" माझा भाऊ आयुष्यात चहाच्या पलीकडे गेला नाही. असं विचारणाऱ्या दोघांशी तर मी कायमचं बोलणं टाकलं. अशा यकृतात कर्करोग उगवू शकतो, म्हणून डॉक्टरीणबाईंनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी ठरवून दिली होती. गाठ लवकर सापडली ती त्यामुळेच. सुईने तुकडा काढून तपासायचीही गरज पडली नाही. शिरेतून औषध सोडून जो सीटी काढतात त्यात गाठ आधी चमकली आणि मग काळवंडली. सिऱ्होसिसच्या यकृतात अशी वागणारी गाठ म्हणजे कर्करोगच, असं बाई म्हणाल्या.

या बाई यकृताच्या डॉक्टर. तेलुगू घरातल्या, वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा, आणि बोलायच्या हैदराबादी हिंदीत. गुरुवारी त्यांच्या दवाखान्यात बैठक असते. त्या, शस्त्रक्रिया करणारे सर्जन आणि स्कॅन बघत बघत सुई किंवा तार घालून उपचार करणारा रेडिऑलॉजिस्ट असे सगळे एकत्र बसून एकेक रुग्णाचं ठरवतात. शुक्रवारी आम्हाला निकाल सांगायला बोलावलं. मी नवी वही घेऊन गेले होते.

"सर्जरी नक्को, अम्मा," सर्जनच म्हणाले. "मैं काटने वाला आदमी, मैंच बोलरा हूँ."

मला राग आला. न्हाव्याने डोकं भादरायला नकार द्यावा तसं वाटलं. मी म्हटलं, का नको? गाठ एक, छोटी, माणूस चालता-फिरता. त्यांनी स्कॅन दाखवला. गाठ उजव्या भागात खोल बसलेली. सुपारी काढायची तर तिच्यासोबत निम्म्याच्या आसपास यकृत काढावं लागलं असतं. धडधाकट माणसाचं यकृत कापलं तर उरलेलं पुन्हा वाढतं. दादाचं निबर झालेलं, ते वाढणार नाही, आणि जे उरेल ते शरीराचा गाडा ओढायला पुरणार नाही. शिवाय यकृतात रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेत दाब वाढलेला. दुर्बिणीने पाहिलं तेव्हा अन्ननलिकेत शिरा फुगलेल्या दिसल्या होत्या, प्लीहा मोठी झाली होती आणि तीच प्लेटलेट्स अडकवून ठेवत होती. प्लेटलेट्स बहात्तर हजार.

"हमारा सवाल ये नहीं के कित्ता निकालना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सवाल ये है के बचेगा कित्ता."

यकृत बदलायचा विषयही निघाला. पण वय बहात्तर आणि हृदयात दोन स्टेंट, म्हणून तो रस्ता त्यांनी तिथेच बंद केला. राहिला उपाय सुईचा. भूल देऊन, स्कॅनवर बघत, बरगड्यांमधून गाठीत सुई घालायची आणि तिच्या टोकाच्या उष्णतेने गाठ जाळायची. गाठ आणि तिच्या भोवतीची थोडी कड. बाकीचं यकृत शाबूत राहतं. तीन सेंटीमीटरच्या आतल्या गाठीवर हा उपाय शस्त्रक्रियेच्या जवळपास जातो, तीनच्या पुढे गेली की सगळी कड जाळणं अवघड होत जातं. पित्ताचा आकडा, बिलिरुबिन, आत्ता १.४ आहे, पोटात पाणी नाही, डोकं साफ आहे, म्हणून आत्ताच करून घेऊ, असं बाईंनी सांगितलं.

एवढं स्वच्छ सांगितलं. पाचवीतल्या पोराला कळावं इतकं. आणि मी वहीत काय लिहून घेतलं? "प्लेटलेट्स ७२,०००. कमी." खाली दोन रेघा.

आता त्याचं कारण सांगते. आमचे वडील शेतकरी. नोकरीसाठी दादाला शहरात धाडलं तरी त्यांची म्हण आमच्या अंगात मुरलेली: हरळी वरून जाळली तर पुन्हा फुटते, ती मुळासकट काढावी. जाळणं म्हणजे वरवरचं काम, कापून काढणं म्हणजे खरं, हे माझ्या डोक्यातून जाईना. त्यात मी मास्तरीण. मला तो रिपोर्ट प्रगतिपुस्तक वाटला. एका विषयात पोरगं नापास, म्हणून सर्जनने वरच्या वर्गात घेतलं नाही. तर त्या विषयाचे गुण वाढवू. इतक्या वर्षांत कितीतरी पोरं मी अशीच पास केली होती.

आणि हैदराबादेत प्लेटलेट्स वाढवायचा उपाय कुणाला विचारावा लागत नाही. डेंग्यूच्या दिवसांत गल्लोगल्ली पपईच्या पानांचा रस निघतो. आमच्या परसात तर झाडच होतं. नामपल्लीच्या मैदानावर मृगाला दम्याचं औषध म्हणून मासा गिळायला रांग लागते, त्या रांगेला मी आयुष्यभर नावं ठेवली. पण सकाळी सहाला उठून पानं धुतली, देठ काढले, पाट्यावर वाटली आणि फडक्यातून गाळून हिरवागार वाटीभर रस दादासमोर ठेवला तो मीच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

दादाने वाटी पाहिली. "कायकू गं हे?"

"प्लेटलेट्स वाढतील. मग ऑपरेशन करतील."

"ते करायचं नाही म्हणले ना? सुई घालू म्हणले."

"सुई-बिई नको. हरळी आहे ती. मुळासकट काढायची."

त्याने वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाला, "मास्तरीण, हरळी काढायला सारं शेत खणून फेकलं तर पेरतील कुठं?"

मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. ताट वर नेऊन ठेवायचे आणि खाली यायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी तो आपण होऊन खाली आला, ओट्यावरची वाटी उचलली, नाक दाबून प्यायला आणि म्हणाला, "हौ, घेतो. खूश?" मी खूश झाले. याची मला आजही लाज वाटते.

नंतरचे तीन महिने मी फाइल काखोटीला मारून फिरले. आणखी एक सर्जन गाठले. त्यांची वेळ मिळण्यात तीन आठवडे गेले आणि त्यांनीही तेच सांगितलं. मग तिसऱ्यांकडे नाव लावलं. मधे एकदा प्लेटलेट्स एक्याऐंशी हजार आल्या, तेव्हा मी पेढे आणायचीच बाकी होते. पहिल्या दवाखान्याकडून काही फोन आला नाही असं दादा म्हणे, आणि मीही खोदून विचारलं नाही. मोठे दवाखाने, त्यांना कुठे आपली आठवण, असं म्हणून मी त्यांनाच दूषण दिलं.

मग दादा सुकायला लागला. भाकरी अर्धी राहायला लागली. एका सकाळी जिन्याच्या उजेडात मला त्याचे डोळे पिवळे दिसले. तिसरे सर्जन, ऑपरेशन, सगळं बाजूला ठेवून मी त्याला परत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, पुन्हा सीटी केला आणि दोन दिवसांनी समोर बसवलं.

गाठ ३.३ सेंटीमीटर. बिलिरुबिन ३.१.

पहिल्या आकड्याचं त्यांनी समजावून सांगितलं. तीनच्या पुढे गेली, आता नुसती सुई पुरेल याचा भरवसा कमी. आधी तार घालावी. मांडीच्या सांध्यातून धमनीत बारीक नळी घालत थेट गाठीला रक्त पुरवणाऱ्या फांदीपर्यंत जायचं, तिथे औषध सोडायचं आणि ती फांदी बुजवायची. कर्करोगाची गाठ जवळजवळ सगळी धमनीच्या रक्तावर जगते, उरलेल्या यकृताला बहुतेक रक्त दुसऱ्या, मोठ्या शिरेतून मिळतं. म्हणून धमनीची फांदी बुजवली की गाठ उपाशी मरते आणि यकृत तगतं. मग काही आठवड्यांनी आखडलेल्या गाठीत सुई घालायची. दोन उपाय मिळून काम होईल.

"लेकिन," असं म्हणून त्यांनी दुसऱ्या आकड्यावर पेन टेकवलं. यकृत तगतं ते अंगात बळ असेल तर. पित्त तीनच्या वर असताना धमनी बुजवली तर तो धक्काच त्याला पाडू शकतो. मग गाठ मेली तरी माणूस यकृत बंद पडून जाईल. हे पित्त कशाने वाढलं ते त्यांना कळत नव्हतं. शीर तुंबलेली नाही, पित्तनलिका मोकळी आहे, जंतुसंसर्ग नाही. "अगर उनका लिव्हर खुदच उतर रहा, तो मैं तार भी नहीं डालती, सुई भी नहीं. दवा देके संभालेंगे, बस."

संभालेंगे बस. या दोन शब्दांचा अर्थ मला कुठल्याही वहीशिवाय कळला.

मग त्यांनी विचारलं, "घर में कुछ पिलारे क्या, अम्मा? कोई पत्ते, काढ़ा, चूरन?"

हाच प्रश्न त्यांनी पहिल्या भेटीत विचारला होता. तेव्हा खरंच काही देत नव्हते. मधे दुसऱ्या सर्जनकडे रक्त तपासलं तेव्हा तिथल्या नर्सनेही विचारलं, तेव्हा मी ठामपणे "नाही" म्हणाले होते आणि दादाने माझ्यामागे मान हलवली होती. आताही माझ्या तोंडात "नाही"च तयार होतं. एवढ्या शिकल्यासवरलेल्या बाईने काय सांगायचं? मी दादाकडे पाहिलं. तो टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या यकृताकडे बघत बसला होता. तो सांगणार नव्हता. मी गप्प राहिले असते तर तो त्या खोलीतून "दवा देके संभालेंगे" घेऊन उठला असता आणि अवाक्षर बोलला नसता.

मी सांगितलं. पपईची पानं, रोज सकाळी एक वाटी, तीन महिने. आणि शेवटचे पंधरा दिवस संध्याकाळीसुद्धा अर्धी वाटी, कारण आकडा एक्याऐंशीच्या वर सरकेना.

त्या ओरडतील असं मला वाटलं होतं, मी ओरडले असते. त्यांनी पेन खाली ठेवलं. प्लेटलेट्स कमी हे कारण नाही, अम्मा, ती खूण आहे, असं त्या म्हणाल्या. यकृत निबर आहे, दाब वाढलाय, प्लीहा अडकवतेय, त्याची ती खूण. खूण पुसली म्हणून आतलं यकृत नवं होत नाही. रसाने हजार-दोन हजार वाढले असते तरी सर्जनने हात लावला नसता, आणि सुईसाठी तर बहात्तर हजार पुरे होत्या. रसानेच पित्त वाढलं असं त्या खात्रीने सांगू शकत नव्हत्या. पण त्याच्या यकृताकडे प्रयोगाला जागा नाही. "आज से बंद. तीन हफ्ते देखेंगे. उतरा तो रास्ता है."

घरी आल्यावर मी परसात गेले आणि विळ्याने पपईची सगळी पानं छाटून टाकली. झाडाचा काय दोष? पण कुणाला तरी बोलायला हवं होतं. दादा वरच्या खिडकीतून म्हणाला, "पपया तरी राहू दे, पिकायला आल्यात." मी तिथेच खाली बसून रडले. त्या वेळी कुठला आकडा हातात नव्हता.

ते तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज सकाळी त्याला खिडकीपाशी उभं करून डोळे बघायचे. तो म्हणायचा, "पाढे म्हणू का?" मी म्हणायचे, म्हण. तो बिचारा एकोणतीसचा पाढा म्हणायचा, कारण डोकं साफ आहे का हेही बघायला बाईंनी सांगितलं होतं. एकोणतीस सत्तेपाशी तो दरवेळी अडखळायचा, पण तिथे तो तिसरीपासून अडखळतो.

तीन आठवड्यांनी पित्त दोनवर आलं. आणखी दोन आठवड्यांनी १.५. गुरुवारच्या बैठकीत पुन्हा त्याचं नाव निघालं आणि शुक्रवारी रस्ता आहे असं सांगण्यात आलं.

तार घातली त्या दिवशी तो दीड तास आत होता. नंतर चार दिवस ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, मळमळ. असं होतंच, असं त्यांनी आधी सांगून ठेवलं होतं, तरी मी नर्सचं डोकं खाल्लं. पित्त थोडं वर गेलं आणि परत खाली आलं. बैठकीत ठरवताना त्यांनी त्याच्या यकृताचा जो हिशेब मांडला होता तो बरोबर उतरला. पाच आठवड्यांनी सुई. दुसऱ्या दिवशी तो घरी आला, बरगडीवर टिकलीएवढी पट्टी. मी ती पट्टी पुन्हा पुन्हा बघत होते. मुळासकट काढायला निघाले होते मी, आणि काम झालं ते एवढ्याशा भोकातून.

महिन्याने सीटी झाला. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर एक काळा गोल दाखवला. त्यात आता रक्त फिरत नाही, म्हणाल्या; गाठ मेलेली आहे आणि भोवती कडही चांगली जळली आहे. मग त्यांनी तेही सांगितलं जे मला ऐकायचं नव्हतं. यकृत तेच आहे, निबर. त्यात दुसरीकडे पुन्हा गाठ उगवू शकते. म्हणून आता दर तीन महिन्यांनी स्कॅन, आणि काही दिसलं की त्या दिवशीच्या शिल्लक बळावर पुढचं ठरेल. मी मान हलवली. वजाबाकी मी जन्मभर शिकवली होती.

बाहेर तारखा देणारी सिस्टर बसते. तिने फाइल उघडली, जुनी पानं चाळली आणि दादाकडे बघून हसली. "अंकल, इस बार कैन्सल मत करना. पहले भी आपको फोन पे सुई की डेट दी थी ना, आपने वापस फोन करके छोड़ दी."

मी म्हटलं, "कुठली डेट?"

तिने पान माझ्याकडे फिरवलं. सुईची पहिली तारीख. २.७ सेंटीमीटरची. पहिल्या शुक्रवारनंतर अकराव्या दिवशीची. समोर शेरा, रुग्णाने स्वतः फोन करून रद्द केली. फोन केल्याची तारीख होती मी त्याच्याशी बोलत नव्हते त्या दोन दिवसांतल्या दुसऱ्या दिवसाची.

मी दादाकडे वळले. एवढं ओरडायला कारण मला आयुष्यात मिळालं नव्हतं. "कायकू?" एवढंच म्हटलं. त्याचाच शब्द.

तो चप्पल सरळ करत म्हणाला, "तू दोन दिवस जेवली नव्हतीस. वरून मला दिसतं ना, परसात घासायला माझं एकच ताट पडायचं ते. तुला थोडा टाइम पायजे होता. माझ्याकडं होता, दिला."

होता कुठे त्याच्याकडे? तेवढंच तर त्याच्याकडे नव्हतं. सहा मिलिमीटर वाढली ती त्या वेळात. आणि तो मला पार्सलची पावती फाडून द्यावी तसा वेळ देऊन मोकळा झाला होता, आणि मी वाटीभर कडू रस पाजून त्याचा एकेक दिवस घेतला होता. माझं प्रेम असंच आहे, लोकांना वाकवणारं, हे मला चौसष्टाव्या वर्षी एका तारखांच्या टेबलापाशी उभं राहून कळलं.

सिस्टर पेन घेऊन थांबली होती. तीन महिन्यांनंतरच्या आठवड्यात तीन दिवस रिकामे आहेत, कोणता लिहू, असं तिने विचारलं. सवयीप्रमाणे मीच तोंड उघडलं. मग मिटलं आणि दादाकडे पाहिलं. तोही सवयीप्रमाणे माझ्याकडेच बघत होता, मी काय म्हणते त्याची वाट बघत.

"मी नाही," मी म्हटलं. "तू सांग."

त्याने कॅलेंडरवर बोट ठेवलं. "सबसे पहला जो है," तो म्हणाला, "वोइच लिखो."